पंपाच्या आधी की पंपानंतर: पर्वरीतल्या एका फूड कोर्टचा ग्रीस ट्रॅप

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, धो धो पावसात, सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, म्हणजे एसटीपी, सांभाळणाऱ्या मुलाचा फोन आला. मुलगा सावंतवाडीचा, मितभाषी. "सर, टाकीत लिंबं तरंगतायत, एकदा येऊन बघा," एवढंच बोलला. जाऊन पाहिलं तर सांडपाणी गोळा होण्याच्या पहिल्या टाकीत लिंबाएवढे पिवळट गोळे पाण्यावर फिरत होते. एक हातात घेऊन दाबला. बाहेरून घट्ट, आतून मऊ, आणि मधोमध भाताचं शीत. चरबीचे गोळे होते ते. हवेच्या बुडबुड्यांनी घुसळून घुसळून गोल झालेले.

जागा पर्वरीच्या उतारावरची, महामार्गाला लागून असलेलं व्यापारी संकुल. समोरून पाहिलं तर तळमजला रस्त्याच्या पातळीवर आहे, पण जमीन मागे उतरत गेल्यामुळे त्याच्या खालीही एक मजला मिळालेला आहे. फूड कोर्ट त्या खालच्या मजल्यावर. अकरा स्टॉल: मासळीची थाळी, उडपी, उत्तर भारतीय, चायनीज, तळलेलं चिकन, शवर्मा, पोर्क आणि चोरीसचे पदार्थ करणारा एक, आणि बाकी पाव-भाजी, ज्यूस वगैरे. तिथपर्यंत सार्वजनिक मलवाहिनी आलेली नाही, त्यामुळे संकुलाचा स्वतःचा एसटीपी आहे आणि शुद्ध झालेलं पाणी बागेला जातं. बागेला सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवं, असं पर्यावरण संरक्षण नियमांत आहे. तिथे अहवाल दर महिन्याला या आकड्याच्या वर जात होता.

मी म्हापशाला राहतो. इमारतींचं पाणीपुरवठा आणि ड्रेनेजचं डिझाइन हेच माझं काम. हे मूळ डिझाइन माझं नव्हतं, आणि ज्यांनी केलं त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. त्यांनी जे केलं त्याला कारण होतं, ते पुढे येईलच.

सगळ्या स्टॉलचं पाणी जमिनीखालच्या एका लाइनीतून मागच्या बाजूच्या संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा करणाऱ्या खोल टाकीत, यायचं. संपमधले दोन पंप आलटूनपालटून ते साडेतीन मीटर वर, रस्त्याच्या पातळीवरच्या ग्रीस ट्रॅपमध्ये, म्हणजे चरबी अडवणाऱ्या टाकीत, टाकायचे. ग्रीस ट्रॅप तीन घनमीटरचा. त्यातून पाणी उताराने एसटीपीला. शिवाय प्रत्येक सिंकखाली स्टीलचा छोटा ट्रॅप होता, म्हणजे कागदावर दोनदा चरबी अडत होती.

पहिल्या बैठकीत सगळ्यांचं एकमत होतं की ट्रॅप लहान पडतोय, दुप्पट करा. एका पुरवठादाराने जिवाणूंची पावडर सुचवली, रात्री सिंकमध्ये टाकायची, चरबी विरघळते म्हणे. पावडरला मी लगेच नाही म्हटलं. असल्या पावडरीत बऱ्याचदा साबणासारखा घटकही असतो. त्याने चरबी तुटून बारीक होते आणि ट्रॅपमधून आरपार निघून जाते. सिंक स्वच्छ दिसतं, एसटीपीच्या डोक्यावरचं ओझं मात्र तेवढंच राहतं. दुप्पट करण्याबद्दल मात्र मी त्या दिवशी काहीच बोललो नाही. पाइपमध्ये, संपमध्ये आणि ट्रॅपमध्ये चरबीचं नेमकं काय होतंय हे बघितल्याशिवाय आकार ठरवणं मला पटेना.

दुसऱ्या दिवशी काचेच्या दोन पारदर्शक बाटल्या घेऊन गेलो. बाटली काचेची लागते, प्लास्टिकला तेल चिकटून राहतं आणि नमुना खोटा ठरतो. एक बाटली संपमध्ये पडणाऱ्या धारेखाली धरून भरली, पंपाच्या आधीचं पाणी. दुसरी वरच्या ट्रॅपच्या तोंडाशी भरली, पंपानंतरचं. दोन्ही शेजारी शेजारी कट्ट्यावर ठेवल्या आणि अर्धा तास थांबलो. पहिल्या बाटलीत वर बोटाच्या नखाएवढा जाड पिवळा तवंग जमला, खाली थोडा गाळ बसला, मधलं पाणी मळकट पण वेगळं दिसत होतं. दुसरी बाटली अर्ध्या तासानंतरही पातळ ताकासारखी पांढुरकी. वर जेमतेम एक रेघ. दोन तासांनी पाहिलं, तरी तशीच.

म्हणजे वरचा ट्रॅप दुप्पट नव्हे, चौपट केला असता तरी फारसा फरक पडला नसता. जे तेल वर यायला तयार होतं, त्याचं पंपाने ताक करून टाकलं होतं.

ग्रीस ट्रॅपमध्ये कुठलंही यंत्र नसतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तेलाचा थेंब आपोआप वर येतो, आणि ट्रॅपने फक्त त्याला तेवढा वेळ आणि शांतता द्यायची. पण थेंब किती वेगाने वर येईल हे त्याच्या आकारावर फार अवलंबून असतं. व्यास निम्मा झाला की वेग निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो. साधारण ०.१५ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास वर चढतो, म्हणजे १.२ मीटर खोल पाण्यातून वर यायला त्याला सोळा-सतरा मिनिटं लागतात. तोच थेंब फुटून ०.०३ मिलिमीटरचे झाले, तर वेग पंचविसावा हिस्सा. तेवढंच अंतर चढायला सहा तासांच्या वर. पंपाचा पंखा मिनिटाला जवळजवळ २,९०० फेरे मारतो. त्यातून गेलेला थेंब अख्खा राहत नाही. त्यात भांडी घासायचा साबण मिसळलेला असला की फुटलेले थेंब पुन्हा एकमेकांना चिकटतही नाहीत.

पंपाचा दुसरा दोष वेगाचा. पंप सेकंदाला १० लिटर टाकणारा होता. स्वयंपाकघरातून पाणी हळू येवो की जोरात, ट्रॅपमध्ये ते यायचं तर १० लिटरच्याच लोंढ्याने, चार-पाच मिनिटं, मग शांत, मग पुन्हा लोंढा. तीन घनमीटरच्या टाकीत या वेगाने पाणी पाच मिनिटांत आरपार होतं. आधी साठलेला तवंगसुद्धा तो लोंढा ढवळून काढत असे.

मग ट्रॅप पंपानंतर का ठेवला होता? टँकरसाठी. मागच्या सर्व्हिस गल्लीत शिरायच्या कमानीची उंची २.४ मीटर आहे. चरबी उपसणारा टँकर त्यातून जात नाही. म्हणून ट्रॅप वर, जिथे टँकर उभा राहतो तिथे, आणि ट्रॅप वर म्हणून पंप आधी. उपसा विसरणाऱ्या डिझाइनरपेक्षा उपशाचा विचार करणारा कधीही बरा, हे मी आजही म्हणतो. पण इथे टँकरच्या सोयीने सगळी रचनाच उलटी झाली होती.

पावसाळ्यात खोदकाम शक्य नव्हतं. चिऱ्याच्या जमिनीत जुलैत खड्डा काढला की तासाभरात झिरपून पाणी भरतं. तेव्हा नोव्हेंबरपर्यंत निभवायला एक सोपा उपाय केला. जुनी व्यवस्था अशी होती की पंप संप जवळजवळ तळापर्यंत रिकामा करायचा. पाणी उतरत उतरत पंपाच्या तोंडाशी आलं की वरचा तवंग भोवऱ्यासारखा आत ओढला जाई आणि दर फेरीत चिरडून वर पाठवला जाई. आम्ही पंप बंद होण्याची पातळी ४५ सेंटिमीटर वर आणली. आता पंप खालचं पाणी ओढतो आणि तवंग वरच तरंगत राहतो. संपच एक कच्चा ग्रीस ट्रॅप झाला. दर तिसऱ्या दिवशी वरून लांब दांड्याच्या झाऱ्याने चरबी काढून पिंपात भरायची. बाहेर उभं राहूनच. संपमध्ये उतरायचं नाही, ही अट मी लेखी घातली. कुजलेल्या खरकट्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि तो वायू वाढला की नाकाला वासही कळेनासा होतो. माणूस एका श्वासात पडतो.

एवढ्यानेच एसटीपीकडे जाणारं तेल लिटरला ३१० मिलिग्रॅमवरून २१० वर आलं. पंपाआधीच्या पाण्यात ते ६२० होतं. गोळे दिसायचे थांबले नाहीत, पण कमी झाले.

पावसाळ्याचे हे महिने मी मोजमापात घालवले, आणि यातच मला सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं. जुन्या ट्रॅपचा आकार दिवसाच्या एकूण पाण्यावरून काढलेला होता: दिवसाला २८,००० लिटर, चोवीसने भागले की तासाला सुमारे १,२००, त्याचं दोन-अडीच तासांचं पाणी मावेल एवढी टाकी, म्हणून तीन घनमीटर. हिशोब दिसायला नीट आहे, पण स्वयंपाकघर चोवीस तास सारखं वाहत नाही. मी फूड कोर्टच्या पाण्याच्या मीटरशी बसलो आणि दुपारी बारा ते चार दर पाच मिनिटांनी आकडा लिहिला. सगळ्यांत वाईट पाच मिनिटांत ४२० लिटर, म्हणजे सेकंदाला १.४ लिटर. मला वाटलं, सापडला कळस.

थाळीचा स्टॉल चालवणाऱ्या मावशी पेडण्याच्या. दोन दिवस मला वही घेऊन बसलेलं पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी कढीचा पेला पुढे करत म्हणाल्या, "बाबा, दुपारी काय बघतोस? दुपारी आमचे हात जेवण वाढण्यात असतात. पाणी बघायचं तर रात्री ये, शटर ओढायच्या वेळी."

रात्री गेलो. साडेदहाला शेवटची गिऱ्हाइकं उठली आणि अकरा स्टॉलमध्ये एकाच वेळी धुणं सुरू झालं. कढया, तवे, तंदूरच्या सळ्या, मग कट्टे, मग जमीन. गरम पाणी आणि भरपूर साबण. मीटरवर पाच मिनिटांत ७८० लिटर, सेकंदाला २.६. दुपारच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय मीटर फक्त नळातून येणारं पाणी दाखवतो. ड्रेनेजमध्ये जाणारं पाणी दुसऱ्याच तालावर जातं. मावशी मोठं सिंक काठोकाठ भरतात, त्यात कढया भिजवतात आणि शेवटी बूच ओढतात. सिंक ८० लिटरचं. घड्याळ लावून पाहिलं तर रिकामं व्हायला ऐंशी सेकंद लागली, म्हणजे एका सिंकचे सेकंदाला एक लिटर. पावणेअकरा ते सव्वाअकराच्या दरम्यान तीन-चार सिंकांची बुचं एकाच मिनिटात निघालेली मी स्वतः मोजली. म्हणून डिझाइनसाठी सेकंदाला ४ लिटर धरले.

यापुढचा हिशोब युरोपीय मानक ईएन १८२५ च्या पद्धतीने केला, कारण त्यात साबण आणि उष्णता दोन्ही धरायला जागा आहे. प्रवाहाला तीन गुणक लावायचे असतात. साबण वापरात असेल तर १.३, पाणी ६० अंशांपेक्षा गरम येत असेल तर आणखी १.३, आणि तेलाच्या घनतेचा एक गुणक, जो नेहमीच्या खाद्यतेलांना १ असतो. आमच्याकडे भांडी हाताने धुतात, पण मालकांच्या मनात पुढे मशीन घ्यायचं होतं, आणि त्याचं शेवटचं पाणी ८२ अंशांच्या आसपास असतं. तेव्हा दोन्ही गुणक धरले: ४ गुणिले १.३ गुणिले १.३ म्हणजे ६.८. मानकातला त्यापुढचा आकार ७. या आकाराला चरबी वेगळी होण्यासाठी किमान १.७५ चौरस मीटर पाण्याचा पृष्ठभाग लागतो, आणि त्याआधी गाळासाठी किमान ७०० लिटरचा वेगळा कप्पा.

मी पृष्ठभाग ३.५ चौरस मीटर घेतला, किमानच्या दुप्पट. कारण तोच थेंबाचा हिशोब. सेकंदाला ४ लिटर पाणी ३.५ चौरस मीटरवर पसरलं की थेंबाला वर येण्यासाठी सेकंदाला १.१ मिलिमीटरचा वेग पुरतो, आणि ०.१५ मिलिमीटरचा थेंब तेवढ्या वेगाने चढतो. किमान आकार घेतला असता तर त्यापेक्षा बराच मोठा थेंबच अडला असता. टाकीच्या आकाराबद्दल बोलताना लोक लिटर विचारतात. मी आधी पृष्ठभाग विचारतो. खोल आणि अरुंद टाकीत लिटर भरपूर मावतात, पण थेंबाला चढायचं अंतर वाढतं.

शेवटी टाकी ठरली आतून २.८ मीटर लांब, १.२५ रुंद, पाणी १.२ मीटर खोल. सेकंदाला ४ लिटर आले तरी पाणी सतरा मिनिटं आत राहतं. पाणी टाकीत उडी मारून पडू नये म्हणून आत येणारा पाइप टी लावून पाण्याखाली सोडला, आणि बाहेर जाणाऱ्या पाइपचं तोंड तळापासून ३० सेंटिमीटरवर ठेवलं, म्हणजे वरचा तवंगही जात नाही आणि खालचा गाळही ओढला जात नाही. टाकी खालच्या मजल्यावर संपच्या आधी बसवली. आधी गाळाचा कप्पा, मग टाकी, मग संप, मग पंप. वरचा जुना ट्रॅप बाजूला काढून टाकला.

उताराचा प्रश्न नाजूक होता. सगळ्यांत लांबच्या स्टॉलची लाइन जमिनीखाली ४५ सेंटिमीटरवर सुरू होते. तिथून टाकीपर्यंत २२ मीटर. साठात एक ढाळ दिला तर आणखी ३७ सेंटिमीटर खाली जातं, म्हणजे टाकीच्या तोंडाशी ८२. तिथून ५ सेंटिमीटर खाली टाकीतलं पाणी, आणि तळ जमिनीपासून दोन मीटर खाली. यापेक्षा कमी ढाळ दिला असता तर खोदाई वाचली असती, पण ओशट पाणी रेंगाळलं की पाइपातच थिजतं.

ते किती थिजतं हे जुनी लाइन उखडताना सगळ्यांनी पाहिलं. पोर्क आणि तळलेल्या चिकनच्या स्टॉलनंतर लगेच एक काटकोनी बेंड होता. प्लंबरने तो करवतीने आडवा कापला. ११० मिलिमीटरच्या पाइपात दोन बोटं जातील एवढीच वाट उरलेली, आणि भोवती थरावर थर, एक पांढरा, एक करडा, बेबिंका कापल्यावर दिसावेत तसे. बाहेरचा थर नखाने खरवडला तर निघेना, खडूसारखा कडक. ती नुसती चरबी नव्हती. चरबीतली आम्लं पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून साबणाचे कडक थर बनतात, आणि ते गरम पाण्याने वितळत नाहीत. आतला थर मात्र मऊ होता, डुकराच्या चरबीचा आणि पामतेलाचा. इथे खोबरेल तेलाकडे बोट दाखवलं जातं, कारण डिसेंबरच्या सकाळी घरातली बाटली गोठलेली सगळ्यांनी पाहिलेली असते. पण खोबरेल २४-२५ अंशांना थिजतं, आणि गोव्यात पाइपातलं पाणी वर्षातले बरेच महिने त्याहून गरम असतं. पामतेल, वनस्पती तूप आणि प्राण्यांची चरबी ३० ते ४० अंशांनाच थिजू लागते. म्हणजे ती भर मे महिन्यातही पाइपात थिजते. नव्या लाइनीत काटकोनी बेंड एकही ठेवला नाही. दोन पंचेचाळीस अंशांचे जोड, आणि प्रत्येक वळणाला वरून उघडता येईल असं सफाईचं तोंड. ज्यूसच्या स्टॉलचं आणि एसीचं पाणी या लाइनीत घेतलंच नाही. त्यात तेल नसतं, फुकट टाकीतली जागा आणि वेळ खातं. संडासाची लाइन तर ग्रीस ट्रॅपमध्ये कधीच आणायची नसते.

टाकीच्या बांधकामात गोव्याच्या पावसाचा वेगळा विचार करावा लागला. तिथे पावसाळ्यात जमिनीतलं पाणी जवळजवळ फरशीपर्यंत चढतं. अशा वेळी टँकरने टाकी रिकामी केली की ती जमिनीत बुडवलेल्या रिकाम्या होडीसारखी वर यायला बघते. बाहेरून टाकी ३.२ बाय १.६५ बाय २.२५ मीटर, म्हणजे पाणी तिला सुमारे १२ टनांनी वर ढकलणार. काँक्रीटचं वजन साडेतेरा टन. जास्त आहे, पण निसटतं. म्हणून तळाची स्लॅब चारी बाजूंनी २० सेंटिमीटर बाहेर काढली, तिच्यावर बसलेली मातीही टाकीला धरून ठेवते. आतल्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर, इपॉक्सीचा थर दिला, कारण तिथे हायड्रोजन सल्फाइडचं आम्ल होऊन काँक्रीट भुसभुशीत होतं. आणि ७५ मिलिमीटरचा व्हेंट पाइप थेट गच्चीपर्यंत नेला. जुन्या लाइनीला व्हेंट नव्हता. पाणी जोरात गेलं की स्टॉलमधल्या नहाणी ट्रॅपमधलं, वास अडवून धरणारं पाणी ओढलं जाई आणि गिऱ्हाइकांपर्यंत वास येई.

राहिला टँकर. तो खाली येऊ शकत नाही, तर नळी खाली नेली. टाकीच्या तळापासून वरच्या फाटकापर्यंत ७५ मिलिमीटरची कायमची उपसा लाइन टाकली, वर टँकरची नळी जोडायचा कपलर. टाकीचा तळ ते फाटक साडेपाच मीटर उंची. ओढून उपसणाऱ्या टँकरला सात मीटरच्या पुढे अवघड जातं, म्हणून हे जमणारं होतं, पण सैलपणाने नव्हे. थिजलेली साय ओढताना नळी तुंबते. आधी वरचा थर लांब दांड्याने मोडून पाण्यात मिसळायचा, मग पंप सुरू करायचा. पहिल्या उपशाला हे न केल्यामुळे दीड तास वाया गेला.

स्टॉलवाल्यांशी बोलणं हे या कामातलं अर्धं काम होतं. सिंकखालचे स्टीलचे छोटे ट्रॅप आम्ही काढून टाकले, कारण ते रोज साफ केले तरच उपयोगी, आणि रात्री अकराला थकलेल्या पोराकडून ती अपेक्षा करणं मला योग्य वाटलं नाही. त्याऐवजी सिंकमध्ये उचलून झटकता येईल अशी जाळीची टोपली दिली आणि ताट धुण्याआधी रबरी पट्टीने खरकटं बादलीत निपटायला सांगितलं. मासळीच्या स्टॉलला खवल्यांसाठी बारीक जाळी वेगळी. तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही, डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्याला द्यायचं. पुन्हा पुन्हा तापवून २५ टक्क्यांपेक्षा जास्त पोलर घटक झालेलं तेल वापरायला एफएसएसएआयने २०१८ पासून बंदी केलीच आहे. तळलेलं चिकन विकणारे शेट आधी नाखूश होते. तेलाचे पैसे मिळतात कळल्यावर डबा त्यांनी स्वतः आणला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकी सुरू केली. आधी ती स्वच्छ पाण्याने भरून घेतली. हे प्रत्येक उपशानंतरही करायचं असतं. रिकाम्या टाकीत बाहेरच्या पाइपचं तोंड उघडं असतं, आणि पहिल्या रात्रीचं ओशट पाणी थेट पुढे निघून जातं.

उपसा कधी करायचा हे तारखेवर सोडलं नाही. लाकडी काठीच्या टोकाला छोटी चकती लावली. चकती तवंगाखाली घालून वर उचलली की तळहाताला जाडी कळते, आणि काठीवर माप दिसतं. मानकाप्रमाणे या आकाराची टाकी २८० लिटर चरबी साठवण्यासाठी असते. ती ३.५ चौरस मीटरवर पसरली की ८ सेंटिमीटर. तिथे काठीवर लाल खूण केली. गाळाची दुसरी खूण आहे: तवंग आणि गाळ मिळून ३० सेंटिमीटर, म्हणजे पाण्याच्या खोलीचा पाव हिस्सा. कुठलीही खूण गाठली की टँकर. पहिल्या पंधरवड्यात तवंग दिवसाला साधारण साडेपाच मिलिमीटरने वाढला, चौदाव्या दिवशी लाल खूण. नाताळ ते नववर्षाच्या गर्दीत तीच खूण नवव्या दिवशी आली.

जानेवारीत नमुना दिला. एसटीपीकडे जाणाऱ्या पाण्यात तेल लिटरला ९० मिलिग्रॅम. ६२० चे ९०. हे शून्य होणार नाही, हे मी मालकांना आधीच सांगितलं होतं. साबणात मिसळलेले अतिबारीक थेंब उभ्या पाण्यात वेगळे होत नाहीत, कितीही मोठी टाकी बांधा. ते एसटीपीतल्या जिवाणूंनीच खायचे, आणि ९० एवढं ते पचवू शकतात. बागेच्या पाण्याचा आकडा फेब्रुवारीपासून १० च्या खाली आहे.

आता एकच अडचण उरली आहे. शवर्म्याच्या स्टॉलवाल्याने मध्यंतरी सिंकला खरकटं दळणारं मशीन लावलं. मला कळलं ते काठीवरून: तवंग नेहमीसारखाच, पण गाळ आठ दिवसांत दुप्पट. गाळाच्या कप्प्यात दळलेल्या मांसाचा आणि कोबीचा लगदा होता. पुढच्या सोमवारी त्यांच्याशी बसून ते मशीन काढायचं बोलणं आहे. मावशींनाही बोलावलं आहे, त्यांचं म्हणणं तिथे सगळे ऐकतात.